पिवळी पावलं आणि चाळीस मिनिटं

पेन्रिन बेच्या प्राथमिक शाळेनं लॉरेल पेनहॉलला अकरा वर्षांत अकरा वेळा नोकरीवर घेतलं होतं. दर डिसेंबरला तिचा करार संपायचा. मग ती खेळसामानाच्या खोलीतला आपला खण रिकामा करायची, शिट्टी, टोपी आणि उन्हाच्या मलमाची बाटली पिशवीत भरून घरी न्यायची, आणि जानेवारीच्या शेवटी पत्र आलं की तेच सगळं परत आणून त्याच खणात ठेवायची. गावात कुणी विचारलं, "काय गं, पुढच्या वर्षी आहेस ना?" तर म्हणायची, "देवाला ठाऊक आणि शिक्षणखात्याला." देवाचं सांगता येत नाही, पण खात्याला बहुतेक ठाऊक नसायचं.

मुळात ती पहिली-दुसरीची बाई. खेळ तिच्या गळ्यात पडला तो आधीचे सर अ‍ॅडलेडला निघून गेले म्हणून. एवढ्या लहान गावात दुसरं कोण येणार? दोन दिवसांचं प्रशिक्षण, एक हिरवी फाईल आणि एक शिट्टी देऊन तिला सांगण्यात आलं, की आजपासून तू खेळाची बाई. ती घाबरली होती, पण घाबरलेली माणसं कामाला वाघ असतात. शाळा उघडायच्या आधी आठवडाभर ती डांबरी अंगणात गुडघ्यांवर बसून पावलं रंगवत होती. सभागृहाच्या लांब विटांच्या भिंतीपासून तीन मीटरवर पिवळ्या पावलांच्या बारा जोड्या. पुठ्ठ्याचा साचा तिच्याच बुटाभोवती पेन्सिल फिरवून कापलेला. डावा खांदा भिंतीकडे येईल असे दोन पाय आडवे, दोन्हींची बोटं कँटीनकडे, आणि भिंतीच्या बाजूला आणखी एक डावं पाऊल, पुढे टाकायचं म्हणून. सहा वर्षांच्या पोराला "आडवा उभा राहा, उलटा पाय पुढे टाक" असं शंभरदा सांगण्यापेक्षा पावलांवर उभं केलं की झालं. तिनं त्यावर एक घोषही बसवला होता: "बोटांवर बोटं, टाचेवर टाच!" गावातली पंचविशीच्या आतली निम्मी माणसं अजून दारूच्या दुकानाच्या रांगेत तिला तो घोष म्हणून दाखवत.

तिला त्या पावलांचा अभिमान होता. दर दोन वर्षांनी ती त्यांना रंगाचा नवा हात द्यायची. तिच्या नावावर कायमचं असं त्या शाळेत तेवढंच होतं.

यंदा मात्र ऑक्टोबरात नव्या हेडमास्तरानं तिला खोलीत बोलावलं. ब्रोडी क्लाइनिग, वय चौतीस, बारोसाच्या द्राक्षमळ्यांकडचा. माणूस वाईट नव्हता, फक्त आकड्यांवाचून त्याला अन्न गोड लागत नसे.

"लॉरेल, बस," तो म्हणाला. "खेळाची जागा कायम होतेय. मी तुझी शिफारस करू शकतो."

लॉरेल बसली ती बसलीच. अकरा वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते एवढ्या सहज, थंड कॉफीच्या कपाशेजारी बोललं गेलं, आणि तिला काय करावं ते कळेना.

"फक्त एक पाठ बघायचाय मला," ब्रोडी पुढे म्हणाला. "दुसरीचा वर्ग, गुरुवार, अकरा चाळीस ते बारा वीस. खांद्यावरून फेकायला शिकवायचं, अगदी पहिला पाठ. टाचण बुधवारी चारपर्यंत माझ्याकडे. मिनिटा-मिनिटाचं. आणि सुरुवातीला मोज, शेवटी मोज. किती नेम लागले. आकडा वर गेलेला दिसला की वरच्यांना दुसरं काही सांगावं लागत नाही."

"नेम मोजायचे?"

"मग काय मोजणार?"

लॉरेलला माहीत होतं काय ते. हिरव्या फाईलीत नव्हतं, पण अकरा वर्षं पोरं फेकताना बघून तिला कळलं होतं. नवशिक्या पोराला जवळून नेम धरायला लावलं की ते पोर फेकतच नाही, ढकलतं. कोपर पुढे, मनगट ताठ, जणू ताटली फळीवर ठेवतंय. नेम लागतोही, कारण तीन मीटरवरून काय, आंधळ्याचाही लागेल. पण फेक शिकायची तर आधी जोरात फेकावं लागतं, लांब, भिंतीला आवाज येईल असं. जोर लावायचा म्हटलं की अंग आपोआप आडवं होतं, हात मागे जातो, पाय पुढे पडतो, कंबर आधी फिरते आणि खांदा तिच्या मागून येतो. आणि हे सगळं पहिल्यांदा जमू लागलं की नेम पार बिघडतो. म्हणजे पाठ जितका चांगला, तितका आकडा खाली. आकडा वर न्यायचा, तर पाठ वाईट.

हे तिनं ब्रोडीला सांगितलं का? नाही. अकरा वर्षं करारावर राहिलेल्या माणसाच्या जिभेला एक सवय लागते. ती म्हणाली, "चालेल."

तीन दिवस तिनं ते टाचण लिहिलं. शाळा सुटली की खेळसामानाच्या खोलीत, उन्हानं तापलेल्या पत्र्याखाली, उलट्या बादलीवर बसून. पहिल्या टाचणात तिनं पोरांच्या चार रांगा केल्या होत्या, जशा सगळेच करतात, आणि मग पेन्सिलनं हिशेब मांडला. चोवीस पोरं, एका रांगेत सहा. एक फेक आणि फेकलेली दाण्यांची पिशवी उचलून आणणं, वीस सेकंद. म्हणजे एका पोराची पाळी दोन मिनिटांनी. सोळा मिनिटांत आठ फेकी, आणि उरलेल्या वेळात एकमेकांच्या टोप्या उडवणं. तो कागद तिनं फाडला. रांग हा खेळाच्या तासाचा मृत्यू असतो.

दुसऱ्यात पोरं जोडीनं आली. बारा जोड्या पावलं, बारा जोड्या पोरं. एक फेकणार, दुसरा त्याच्या पायांकडे बघणार. एका शिट्टीला फेका, दोन शिट्ट्यांना आणा, मधे कुणी हललं तर तो डाव बाद. असं केलं की आठ मिनिटांत प्रत्येकाच्या हातून बारा फेकी होतात. त्यासाठी दाण्यांच्या पिशव्या हव्यात चोवीस, म्हणजे पिशवीसाठी कुणी थांबायला नको. खोलीत होत्या एकोणीस, त्यांतल्या दोन उंदरांनी उसवलेल्या. तिनं क्लाइव्हच्या जुन्या जीनचे पाय कापून पाच नव्या शिवल्या आणि दोन दुरुस्त केल्या. क्लाइव्ह, तिचा नवरा, सुगीत धान्याचा ट्रक चालवायचा. त्याच्या ट्रकच्या फटींतून झाडलेला गहू पिशव्यांत गेला.

तिसऱ्या टाचणात तिनं मनाला येईल तसं लिहिलं. वर्तुळं नाहीत, मोजणी नाही, सात मीटरवरून भिंतीवर जोरात फेक. ते तिनं दोनदा वाचलं, घडी घातली आणि खणात खाली ठेवून दिलं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभी असलेली बाई चौथा कागद घेते.

चौथं टाचण बुधवारी चारला दहा कमी असताना ब्रोडीच्या टेबलावर पोचलं. तीन मिनिटं येणं, टोप्या, शिट्टीचे नियम. पाच मिनिटं पळापळीचा खेळ, हात-खांदे मोकळे करायला. पाच मिनिटं पहिली मोजणी, भिंतीवर खडूची वर्तुळं, तीन मीटर, प्रत्येकी पाच फेकी, नेम लागला की बादलीत एक कपड्याचा चिमटा. तीन मिनिटं दाखवणं. आठ मिनिटं पिवळ्या पावलांवर सराव. नऊ मिनिटं 'अंगण साफ करा' हा खेळ, म्हणजे मधे रेघ, दोन्हीकडे दोन संघ, आणि आपल्या अंगणातल्या पिशव्या फेकून दुसऱ्याच्या अंगणात ढकलायच्या. पाच मिनिटं शेवटची मोजणी. दोन मिनिटं गोळा होऊन प्रश्न. बेरीज चाळीस.

ब्रोडीनं वाचलं, मान हलवली. "छान. एकदम नेटकं. उद्या मी ह्याच्यावरच खुणा करणार हं. टाचणात आहे ते झालं की बरोबरची खूण. आता ह्यात बदल नको."

"बदल कशाला करतेय मी," लॉरेल म्हणाली.

संध्याकाळी तिनं घरात रंगीत तालीम घेतली. स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्राची पावलं कापून चिकटवली, डावं पाऊल फ्रिजकडे, आणि फ्रिजच्या दारावर लिपस्टिकनं वर्तुळ काढलं. मग मुलीला हाक मारली.

जोर्जा सोळा वर्षांची, ह्याच शाळेत शिकलेली. खेळाच्या बाईची मुलगी आणि खेळात शून्य, ह्याबद्दल गावात प्रसिद्ध. दिव्याखाली अंधार म्हणतात तसा. पाचवीत असताना सॉफ्टबॉलच्या मैदानावर तिनं फेकलेला चेंडू तिच्याच पायाशी पडला होता, आणि त्या दिवसापासून तिनं मैदानाचं नाव टाकलं होतं. कुणी विषय काढला की लॉरेल स्वतःच हसून म्हणायची, "आमच्या जोर्जाला खेळ जमत नाही बाई, ती आमची पुस्तकातली." आईनं आधीच हसून घेतलं की लोकांना हसायला जागा उरत नाही, असा तिचा समज.

"मम, मी नाही हां," जोर्जा दारातूनच म्हणाली. "दुसरं कुणी बघ."

"अगं, दोन मिनिटं. मला फक्त वेळ लावायचाय. तू सहा वर्षांची आहेस असं समज."

"सहा वर्षांची होते तेव्हाही येत नव्हतं."

तरी ती पावलांवर जाऊन उभी राहिली. कुणी न सांगता तिनं बोटांवर बोटं, टाचेवर टाच बसवली. दहा वर्षांत अंगातून गेलं नव्हतं. लॉरेलनं तिच्या हातात गुंडाळलेल्या मोज्यांचा गोळा दिला. जोर्जानं तो डाव्या हातात घेतला, डावी होती ती, आणि कोपर वर करून फ्रिजकडे ढकलला. वर्तुळात लागला. तीन मीटरसुद्धा नव्हतं.

मागच्या दारापाशी क्लाइव्ह खुर्चीत बसून पेस्टी, बटाटा-मांस भरलेली मोठी करंजी, खात होता. दिवसभर ट्रक चालवून आलेला, तोंडभर बटाटा. "वा! फ्रिज घाबरला बघ," तो म्हणाला. "अजून एक फेकलास तर आतलं दूध नासेल."

"डॅड, गप!"

"आजीसुद्धा ह्याहून जोरात—"

त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. जोर्जानं दुसरा गोळा उचलला आणि पावलांवरून न वळता, उलट्या बाजूला, थेट त्याच्यावर फेकला. उजवा खांदा त्याच्याकडे होताच. उजवा पाय पुढे पडला, कंबर फिरली, डावा हात कानामागून येऊन गुडघ्यापर्यंत खाली गेला, आणि मोजे क्लाइव्हच्या छातीवर असे बसले की पेस्टीचा सॉस भिंतीवर उडाला.

"अगं ए!" क्लाइव्ह हसत ओरडला. "ही कुठून आली?"

जोर्जाही हसली. लॉरेल हसली नाही. ती फरशीवरच्या कागदी पावलांकडे बघत होती. मुलीचा मागचा पाय अजून त्यांच्यावरच होता. पावलं तीच, फक्त नेम उलट्या बाजूला.

डाव्या पोरानं उजवा खांदा पुढे करायचा असतो. पावलांवर उलटं तोंड करून उभं राहिलं की झालं. अर्धी गिरकी. बस, एवढंच. आणि तिनं अकरा वर्षं, दर वर्गातल्या दोन-तीन डाव्या पोरांना, बोटांवर बोटं ठेवायला लावून, फेकायचा हातच पुढे अडकवून, "नीट फेक ना रे" म्हणून ओरडत घालवली होती. त्यांना वर्गात सगळ्यांच्या डावीकडे उभं करायची, हात एकमेकांत अडकू नयेत म्हणून. तेवढं तिला सुचलं होतं. हे नाही. कारण साचा तिच्या बुटाचा, आणि ती उजवी.

"मम, काय झालं?" जोर्जानं विचारलं.

"काही नाही. वेळ बरोबर बसतोय."

ती सांगू शकली नाही. रात्री जेवताना तिनं मुलीला दोनदा विचारलं, आणखी बीन्स हव्यात का, आणि दोनदा जोर्जा म्हणाली, "मला बीन्स आवडत नाहीत, तुला माहितीय." आणि उद्याच्या टाचणात सोळाव्या मिनिटापासून चोविसाव्या मिनिटापर्यंत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: पिवळ्या पावलांवर सराव, बोटांवर बोटं, टाचेवर टाच. बदल नको.

गुरुवारी उत्तरेच्या वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता. माश्या पोरांच्या पाठीवर बसून अंगणात आल्या. ब्रोडी सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर टाचण, हातात पेन. शेजारी चिमट्यांची बादली.

तीन मिनिटं, टोप्या. पाच मिनिटं, पळापळ. पहिली मोजणी. एकशे वीस फेकींत अडुसष्ट चिमटे, त्यांतले दोन टकर नावाच्या पोरानं नेम न लागताच टाकले होते, ते तिनं काढून घेतले. "मिस, पण मी जवळपास लावला होता!" टकर म्हणाला. "जवळपासचा चिमटा नसतो रे राजा," ती म्हणाली. ब्रोडीनं सहासष्ट लिहिलं आणि खुशीत मान हलवली.

पाचपैकी पाच नेम फक्त एका पोरीचे लागले होते. मार्नी, दोन वेण्या, समोरचे दात नसलेली, ओळीच्या डाव्या टोकाला उभी. डावी होती. बोटांवर बोटं अगदी चोख ठेवून, कोपर वर करून, ती पिशवी वर्तुळात ठेवत होती. हो, ठेवतच होती.

दाखवणं झालं. सराव सुरू झाला. लॉरेल ओळीतून फिरत होती, एका वेळी एकच गोष्ट सांगत. पाच गोष्टी एकदम सांगितल्या की पोरांच्या डोक्यात खिचडी होते. "पाय टाक, मग फेक. फक्त पाय." मार्नीपाशी ती येतच नव्हती. आपण त्या पोरीला टाळतोय हे लॉरेलचं लॉरेललाच कळत होतं. आठ मिनिटांतली तीन गेली होती. आणखी पाच, मग खेळ, मग मोजणी, मग आयुष्यभराची नोकरी. एक पोरगी. पुढच्या आठवड्यात सांगू तिला, कुणाचं काय बिघडतंय?

"लॉरेल," ब्रोडी खुर्चीतून म्हणाला, "ती टोकाची मुलगी तर तयारच आहे. तिलाच पुढे बोलव ना. बाकीच्यांना बघू दे, असं फेकायचं म्हणून."

मार्नीनं ते ऐकलं आणि तिचा चेहरा फुलला. जोर्जाचा असाच फुलला होता एकदा. दुसरीत. तिलाही लॉरेलनं असंच पुढे बोलावलं होतं, पाचपैकी पाच म्हणून. ते लॉरेलला आत्ता, इथे, त्या उन्हात आठवलं. तीन मीटरवर सगळ्यांत हुशार ठरलेली पोर, आणि चौथीत अंतर वाढल्यावर सगळ्यांपुढे हसं झालेली. मग पाचवीतला तो पायाशी पडलेला चेंडू.

लॉरेलनं शिट्टी वाजवली. दोन शिट्ट्या. सगळे पिशव्या आणून थांबले.

"मार्नी, पावलांवरच राहा. पण तोंड उलटं, पाण्याच्या टाकीकडे कर."

"पण मिस," मार्नी घाबरून म्हणाली, "बोटांवर बोटं!"

"तुझ्यासाठी टाचेवर बोटं. मिसनं पावलं चुकीची काढलीत. हो, मीच. डाव्या हातानं कोण कोण फेकतं? टकर? स्कायला? तुम्ही पण वळा, टाकीकडे. आता ऐका रे सगळे. वर्तुळं विसरा. त्या पांढऱ्या रेघेपर्यंत मागे चला, आणि तिथंही असेच आडवे उभे राहा. नेम नकोय मला. भिंत ओरडली पाहिजे."

"किती जोरात, मिस?"

"कँटीनच्या बाईच्या हातून चहा सांडला पाहिजे इतकं."

ब्रोडी खुर्चीतून थोडा उठला. "लॉरेल, हे टाचणात—"

"माहितीय," ती म्हणाली, आणि शिट्टी वाजवली.

मार्नीची पहिली फेक उंच गेली आणि सभागृहाच्या पन्हाळीत अडकली. दुसरी शेजारच्या वर्तुळाच्याही पलीकडे. तिसरीला उजवा पाय पुढे पडला, वेण्या पाठीमागून फिरून गालावर आपटल्या, आणि सात मीटरवरून गव्हाची पिशवी विटांवर अशी फाटकन बसली की आख्खी ओळ तिच्याकडे वळली. मार्नीनं आपल्या हाताकडे बघितलं. तो दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

उरलेला तास टाचणाप्रमाणे झाला. 'अंगण साफ करा' खेळताना तर ब्रोडीलाही हसू आलं. मग शेवटची मोजणी, तीन मीटरवरून, जशी लिहिली होती तशी. आता पोरांना कोण थांबवणार? सगळी जीव खाऊन फेकत होती. पिशव्या वर्तुळाच्या वर, खाली, शेजाऱ्याच्या वर्तुळात, कुठेही. बादलीत चिमटे पडले एक्केचाळीस. मार्नीचा त्यांत एक. बारा वीसला बरोबर पोरं ओळीत उभी होती. चाळीस मिनिटं, ना एक कमी ना एक जास्त. ह्याचा तिला अभिमान वाटला. दुसरं काही वाटायची हिंमत नव्हती.

शुक्रवारी ब्रोडीनं तिला बोलावलं. कप तोच, कॉफी तशीच थंड.

"पाठ चांगला होता," तो म्हणाला. "खरंच सांगतो. त्या मुलीची ती फेक मी घरी जाऊन बायकोला सांगितली."

"मग?"

"मग मी लिहू काय? सहासष्टचे एक्केचाळीस. एकोणिसाव्या मिनिटापासून टाचण सोडलं. इथे विचारलंय, पाठ टाचणाप्रमाणे झाला का, हो किंवा नाही."

"आकडा खाली गेला तो त्यांना फेकता यायला लागलं म्हणून, ब्रोडी. आधी ती ढकलत होती. दोन महिन्यांनी मोज, मग बघ."

"मला कळतंय गं. पण ह्या कागदावर कळण्याला चौकट नाही." तो थोडा वेळ पेनशी खेळला. "तू हे मला आधी का नाही सांगितलंस? पहिल्या दिवशी? मी दुसरं काही मोजायला सांगितलं असतं."

ह्याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते अकरा वर्षं लांब होतं. तिनं खांदे उडवले.

"पुढच्या वर्षी करार देतो," तो म्हणाला. "वर्षाचा. तेवढं माझ्या हातात आहे."

"चालेल," लॉरेल म्हणाली. बारावा.

शनिवारी ती रंगाचा डबा, ब्रश आणि पुठ्ठा घेऊन निघाली आणि जोर्जाला बरोबर चल म्हणाली. शाळेत चिटपाखरू नव्हतं, दुरून धान्याच्या कोठाराचा घरघराट तेवढा ऐकू येत होता. अंगणात पोचल्यावर लॉरेलनं डबा खाली ठेवला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. पावलं, खांदा, अर्धी गिरकी, फ्रिज. मधे थांबली असती तर पुढचं आलं नसतं.

जोर्जानं बुटाच्या टोकानं एक पिवळं पाऊल घासलं.

"म्हणजे मला येत होतं?"

"हो."

"आणि तू सगळ्या गावाला सांगत होतीस."

"हो," लॉरेल म्हणाली. तिला रडू येत होतं, पण हे रडणंसुद्धा मुलीच्या अंगावर टाकणं झालं असतं, म्हणून तिनं ते गिळलं. "मी चुकले, जोर्जा. मला तुझ्याकडे बघायला हवं होतं. मी पावलांकडे बघत बसले."

जोर्जा फाटकापर्यंत चालत गेली. लॉरेलला वाटलं, गेली घरी. ती पुठ्ठा पसरून एकटीच बसली. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. थोड्या वेळानं पुठ्ठ्यावर सावली पडली.

"हे काय करतेयस?"

"डाव्या पोरांसाठी वेगळ्या जोड्या. निळ्या रंगात. साचा हवाय, बुटाचा." तिनं वर न बघता विचारलं, "देशील?"

जोर्जानं एक मोठा सुस्कारा टाकला, सोळा वर्षांची मुलगीच टाकू शकते तेवढा मोठा, आणि पुठ्ठ्यावर उजवा पाय ठेवला. लॉरेलनं पेन्सिल टाचेला लावली.

"पाय हलवू नकोस हं."

"दहा वर्षं नाही हलवला, मम. आता दोन मिनिटांनी काय होतंय?"

लॉरेल बुटाभोवती पेन्सिल हळूहळू फिरवत राहिली.